तीन वाफे विरुद्ध चार वाफे: सगळ्या वाटण्या मांडून सरासरीतला फरक तपासणे

प्रश्न: सर, पलूसजवळ आमचं हळदीचं रान आहे, वाण सेलम. एकेका गुंठ्याचे सात वाफे पाडले. चिठ्ठ्या टाकून तीन वाफ्यांत उसाच्या पाचटाचं आच्छादन केलं, चार तसेच ठेवले. ओल्या हळदीचं वजन किलोत असं आलं: आच्छादनाचे २९२, २८१, २७५, बिनआच्छादनाचे २७७, २७०, २६२, २५५. पुतण्या म्हणतो टी-टेस्ट लाव. कॉलेजातले सर म्हणाले, इतक्या कमी आकड्यांवर परम्युटेशन टेस्ट कर, हातानेही होते. ती कशी करायची, आणि हा फरक खरा धरायचा का?

उत्तर:

हाताने होते, अर्ध्या तासात होते, आणि सात आकड्यांसाठी तीच करावी. निकाल आधी सांगतो: पाचटाने काहीच फरक पडत नसता तरी निव्वळ चिठ्ठीच्या योगाने एवढा फरक दिसण्याचं प्रमाण, म्हणजे पी-व्हॅल्यू, फायदा आणि तोटा अशा दोन्ही बाजू धरून ३५ पैकी ३, म्हणजे ०.०८६ येते. आच्छादनाच्या बाजूने कल दिसतो, पण एवढ्यावर छातीठोक बोलता येणार नाही. त्यातही तुमच्या मांडणीत एक अडचण होती. आच्छादनाचे तिन्ही वाफे पहिल्या तीन नंबरांत आले असते, तरी ही चाचणी ०.०५ च्या, म्हणजे फरक खरा धरायच्या नेहमीच्या रेघेच्या, खाली गेली नसती. ते का, हे मांडणी झाल्यावर बघू.

आधी चाचणी नेमकं काय विचारते ते पक्कं करा. समजा पाचटाने काहीच फरक पडत नाही. मग २९२ किलो देणाऱ्या वाफ्याने पाचट नसतं तरी २९२ च दिले असते आणि २५५ वाल्याने पाचट असतं तरी २५५ च. सातही वजनं ठरलेली. चिठ्ठीने फक्त कोणत्या तीन वाफ्यांना ‘आच्छादन’ हे नाव लागणार तेवढं ठरवलं. सातातून तीन निवडायच्या वाटण्या ३५ (एक्सेलमध्ये `=COMBIN(7,3)`), आणि चिठ्ठ्या नीट ढवळल्या असतील तर प्रत्येक वाटणी निघण्याची शक्यता सारखीच. तर प्रश्न एवढाच की या ३५ वाटण्यांपैकी किती वाटण्यांत तुमच्या इतका किंवा त्याहून मोठा फरक दिसतो. इथे घंटेच्या आकाराचा आलेख गृहीत धरावा लागत नाही, कोष्टकही उघडावं लागत नाही. फिशर आणि पिटमन यांनी ही पद्धत १९३० च्या दशकात मांडली. टी-टेस्ट त्याच्याही आधीची, १९०८ ची; आकडे जास्त असले की हाताने वाटण्या मांडणं अशक्य होतं, म्हणून तीच सोयीची ठरली. तुमच्याकडे सातच आकडे आहेत, म्हणून ही पद्धत वापरणं परवडतं.

आता आकडेमोड. आच्छादनाची सरासरी २८२.६७, बिनआच्छादनाची २६६, फरक १६.६७ किलो. पण ३५ वेळा दोन-दोन सरासऱ्या काढून वजाबाकी करू नका, तिथेच लोक कंटाळतात आणि चुकतात. सातही वजनांची बेरीज कायम १९१२ आहे. तीन वाफ्यांची बेरीज वाढली की उरलेल्या चारांची तेवढीच कमी होते. म्हणजे तिघांची बेरीज जितकी मोठी, तितका फरक मोठा; मधे काही उलटसुलट होत नाही. म्हणून फक्त तिघांच्या बेरजा मांडायच्या.

आणखी एक सोय करून घ्या. सगळ्यात लहान आकडा, २५५, सर्वांतून वजा करा. दोन्ही गटांच्या सरासऱ्या सारख्याच कमी होत असल्यामुळे फरकावर याचा काही परिणाम होत नाही. उरतात हे आकडे: ०, ७, १५, २०, २२, २६, ३७. यांची बेरीज १२७. आच्छादनाचे तीन म्हणजे ३७, २६ आणि २०, बेरीज ८३. सगळी तुलना आता या ८३ शी.

वाटण्या मनाला येतील तशा लिहू नका, एखादी सुटते किंवा दोनदा येते. गटातला सर्वांत मोठा आकडा धरा, त्याच्या खालच्या आकड्यांतून दोन-दोनच्या जोड्या क्रमाने लावा, आणि तो आकडा संपला की पुढच्या मोठ्या आकड्यावर जा. ३७ धरला तर उरलेल्या सहांतून १५ जोड्या, २६ धरला तर १०, २२ ला ६, २० ला ३ आणि १५ ला १. एकूण ३५, म्हणजे हिशेब बरोबर. तिघांच्या बेरजा अशा येतात:

```
37 सह: 44 52 57 59 63 59 64 66 70 72 74 78 79 83 85
26 सह: 33 41 46 48 48 53 55 61 63 68
22 सह: 29 37 42 44 49 57
20 सह: 27 35 42
15 सह: 22
```

पहिल्या ओळीत ३७ बरोबर जोड्या ० व ७, ० व १५, ० व २०, ० व २२, ० व २६, मग ७ व १५, ७ व २० अशा क्रमाने आहेत. वहीत प्रत्येक बेरजेशेजारी तिची जोडीही लिहा, म्हणजे चूक झाली तर सापडते.

यादी बरोबर आहे का, हे तपासायला एक पक्की युक्ती आहे. प्रत्येक आकडा नेमक्या १५ वाटण्यांत येतो, कारण त्याच्यासोबतचे दोन आकडे उरलेल्या सहांतून १५ प्रकारे निवडता येतात. म्हणून सगळ्या ३५ बेरजांची बेरीज १५ गुणिले १२७, म्हणजे १९०५ यायलाच हवी. वरच्या ओळींच्या बेरजा १००५, ५१६, २५८, १०४ आणि २२, एकूण १९०५. ही बेरीज जुळल्याशिवाय पुढे जाऊ नका. यादीत एक वाटणी राहिली तर पी-व्हॅल्यूत जवळपास तीन शतांशांचा घोळ होतो, आणि इतक्या छोट्या यादीत तेवढ्याने निष्कर्षच पालटतो.

आता मोजा. ८३ किंवा त्याहून मोठ्या बेरजा किती? ८५ आणि ८३, म्हणजे दोन. त्यातली ८३ ही तुमचीच वाटणी, आणि तीही मोजायची. ‘आपली सोडून बाकीच्यांत किती’ असं मोजणाऱ्यांची पी-व्हॅल्यू कधी कधी शून्य येते, जे या चाचणीत शक्यच नाही. प्रत्यक्ष निघालेली चिठ्ठी ही ३५ पैकीच एक आहे. तर एका बाजूची पी-व्हॅल्यू २/३५, म्हणजे ०.०५७.

पण एकच बाजू बघायचा हक्क तुम्हाला आहे का? पाचटाने तोटा होऊच शकत नाही, असं लागवडीआधी म्हणता आलं असतं तर ठीक. कृष्णाकाठच्या काळ्या भारी रानात मात्र पाचटाखाली ओल धरून राहिली की कंदकूज वाढू शकते, हे तुम्हीही जाणता. म्हणजे उलटा निकालही शक्य होता आणि तो आला असता तर तुम्ही त्याची दखल घेतली असती. तेव्हा दोन्ही बाजू मोजणंच रास्त. वजनं हाती आल्यावर बाजू निवडणं म्हणजे निकाल पाहून पैज लावणं.

दुसरी बाजू मोजताना पुष्कळ जण सरळ दुप्पट करतात: २/३५ चे ४/३५. दोन्ही गट सारख्या संख्येचे असतील तर ते बरोबरच येतं, कारण प्रत्येक वाटणीला तिची उलटी वाटणी असते. तीन आणि चारमध्ये तशी जोडी लागत नाही, म्हणून दुसरी बाजू स्वतंत्रपणे मोजावी लागते. सगळ्या बेरजांची सरासरी १९०५ भागिले ३५, म्हणजे ५४.४३; या बेरजेला दोन्ही गटांच्या सरासरीतला फरक शून्य असतो. तुमची ८३ ही बेरीज तिच्या वर २८.५७ ने आहे. तेवढंच खाली गेलं की २५.८६. २५.८६ किंवा त्याहून लहान बेरीज यादीत एकच आहे: २२, म्हणजे ०, ७, १५ ही वाटणी. पुढची २७ आहे, ती बाहेर. तर दोन वरच्या आणि एक खालची, मिळून तीन. ३/३५ म्हणजे ०.०८६. नुसतं दुप्पट केलं असतं तर ०.११४ आलं असतं. काही पाठ्यपद्धतींत दुप्पट करण्याचा संकेत आहे आणि तो सावध बाजूला झुकतो, पण कोणता संकेत वापरला ते अहवालात लिहावं लागतं.

कॉम्प्युटरवर पडताळायचं तर एवढंच पुरे:

```python
from itertools import combinations
v = [292, 281, 275, 277, 270, 262, 255]
k, n, T = 3, 7, sum(v)
obs = n*sum(v[:k]) - k*T
d = [n*sum(c) - k*T for c in combinations(v, k)]
print(len(d), sum(x >= obs for x in d),
      sum(abs(x) >= abs(obs) for x in d))
```

पडद्यावर `35 2 3` दिसायला हवं. इथे सरासऱ्या मुद्दाम काढलेल्या नाहीत. भागाकार केला की दशांशातल्या शेवटच्या कुठल्या तरी स्थानी बारीक फरक पडतो, आणि बरोबरीची वाटणी `>=` मध्ये धरली जात नाही. एवढ्या छोट्या यादीत एक बरोबरी निसटली की पी-व्हॅल्यू २/३५ ची १/३५ होते आणि ‘०.०५ च्या खाली आलं’ अशी खोटी बातमी मिळते. म्हणून पूर्ण आकड्यांतच तुलना करा. वजनं दशांशात असतील तर आधी ग्रॅममध्ये करून घ्या.

बरोबरीचा प्रश्न काट्यामुळेही येतो. समजा पोती मोजताना वजन जवळच्या पाच किलोला धरलं. मग २७५ आणि २७७ दोन्ही २७५ होतात. त्यातलं एक आच्छादनातलं, दुसरं साधं. ‘दोन्ही सारखेच, एकदाच लिहू’ असं करायचं नाही. ते दोन वेगळे वाफे आहेत, त्यांच्या चिठ्ठ्या वेगळ्या, म्हणून वाटण्या ३५ च राहतात. वरचा प्रोग्रॅम वाफ्याची जागा धरून वाटण्या करतो, त्यामुळे तो ही चूक करत नाही. पण यादीतल्या सारख्या ओळी गाळणारा फिल्टर एक्सेलमध्ये लावला की हिशेब बिघडलाच. पाच किलोला धरलेल्या वजनांवर गणित पुन्हा केलं तरी वरच्या बाजूला दोन वाटण्या येतात, फक्त आता त्या एकमेकींच्या बरोबरीच्या असतात. त्या वेळी ‘आपल्याहून मोठ्या किती’ असं विचारलं तर उत्तर शून्य, आणि ‘आपल्याइतक्या किंवा मोठ्या किती’ विचारलं तर दोन. नेहमी दुसरा प्रश्न विचारायचा.

आता त्या अडचणीबद्दल. यादीत ३५ च वाटण्या आहेत, म्हणून पी-व्हॅल्यू १/३५ च्या पायऱ्यांनीच सरकते: ०.०२९, ०.०५७, ०.०८६ असं. मधलं काही नाही. समजा २७७ वालाही आच्छादनाचाच वाफा असता आणि २७५ वाला साधा. मग आच्छादनाचे तिन्ही वाफे वर आणि बाकी चार खाली, याहून स्वच्छ निकाल असूच शकत नाही. बेरीज ८५, मध्यापासून ३०.५७ वर. पण खालच्या टोकाची २२ मध्यापासून ३२.४३ दूर आहे, म्हणजे तीही मोजावी लागते. मग २/३५, पुन्हा ०.०५७. म्हणजे या सात वजनांवर आच्छादन कितीही चांगलं ठरलं असतं तरी दोन्ही बाजूंच्या चाचणीत ०.०५ ची रेघ ओलांडताच आली नसती. ३५ वाटण्यांत ०.०५ च्या खाली फार तर एकाच वाटणीला जागा असते, एवढं तर लागवडीआधीही कागदावर पाच मिनिटांत कळतं, आणि तेव्हाच बघायचं असतं.

पुढच्या हंगामात आठवा वाफा घ्या. चार आणि चारमध्ये ७० वाटण्या होतात. दोन्ही टोकं जोडीने येतात, म्हणून सर्वांत लहान पी-व्हॅल्यू २/७०, म्हणजे ०.०२९. तरीही फार मोकळीक नाही: पुढची पायरी ४/७०, म्हणजे ०.०५७, त्यामुळे ०.०५ च्या खाली यायला चारही वाफे वरच्या चार नंबरांतच हवेत. पाच आणि पाचमध्ये २५२ वाटण्या, आणि दोन्ही बाजूंच्या मिळून १२ पर्यंत वाटण्या चालतात. एखादा वाफा इकडचा तिकडे झाला तरी निकाल टिकू शकतो. दहा गुंठे रान असेल तर मी पाच-पाचच करेन. तीन-तीनवर मात्र वेळ घालवू नका. २० वाटण्या, दोन्ही बाजूंनी किमान ०.१०, मग पाचटाने चमत्कार केला तरी कागदावर काही दिसणार नाही.

या सगळ्याचा पाया चिठ्ठी आहे. तुम्ही ती टाकली हे फार बरं केलंत. बरेच जण ‘पाटाजवळचे तीन वाफे सोयीचे होते म्हणून तिथे पाचट टाकलं’ असं करतात. मग ३५ वाटण्या सारख्याच शक्य होत्या असं म्हणता येत नाही, आणि पाटाजवळच्या पाण्याचा फायदा पाचटाच्या नावावर जमा होतो. आकडेमोड तीच, पी-व्हॅल्यूही तीच निघते, फक्त तिच्यामागे काही उरत नाही. तुमच्या बाबतीतही एक विचारून ठेवतो: तीनही चिठ्ठ्या एकाच डब्यातून काढल्या होत्या ना? की पाटाकडच्या वाफ्यांत एक, बांधाकडच्या वाफ्यांत एक, असं वाटून? तसं केलं असेल तर वरची यादी चालणार नाही. चिठ्ठी ज्या मर्यादेत टाकली, वाटण्याही त्याच मर्यादेत मांडायच्या.

याची किंमत लहान प्रयोगात जाणवते. आठ वाफ्यांच्या शेजारी-शेजारी चार जोड्या करून प्रत्येक जोडीत नाणं उडवलं, तर वाटण्या ७० नाहीत, दोनचा चौथा घात म्हणजे १६ होतात, आणि दोन्ही बाजूंची किमान पी-व्हॅल्यू २/१६, म्हणजे ०.१२५. रान एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे फार बदलत असेल तर जोड्या लावणं योग्यच, पण मग किमान सहा जोड्या हव्यात; तेव्हा ६४ वाटण्या होतात आणि २/६४ म्हणजे ०.०३१ पर्यंत खाली जाता येतं. पाच जोड्यांवर ०.०६२५ वरच अडकाल.

दुसरी एक चूक कृषीच्या विद्यार्थ्यांच्या वह्यांत वारंवार दिसते. प्रत्येक वाफ्यातून दहा-दहा झाडं उपटून वजन घेतात आणि म्हणतात, आता तीस विरुद्ध चाळीस आकडे झाले. झाले नाहीत. चिठ्ठी झाडाला लागली नव्हती, वाफ्याला लागली होती. एका वाफ्यातली दहाही झाडं एकाच पाण्यावर, एकाच मातीत वाढलेली. त्या दहांची सरासरी काढून वाफ्यामागे एक आकडा ठेवा आणि तीन विरुद्ध चारच मोजा. सत्तर झाडं सुटी धरून वाटण्या केल्या तर पी-व्हॅल्यू भलतीच लहान येते आणि ती खोटी असते.

पुतण्याच्या टी-टेस्टबद्दल. दोन्ही गटांतला चढउतार सारखा धरून केली तर टी २.३७ येतो, पाच स्वातंत्र्यांशांवर दोन्ही बाजूंची पी-व्हॅल्यू साधारण ०.०६४. म्हणजे दोन चाचण्या एकमेकींच्या विरोधात नाहीत. फरक असा की ०.०६४ हा आकडा वजनं घंटेच्या आकारात विखुरतात या गृहीतकावर उभा आहे, आणि सात वजनांवरून ते खरं की खोटं तपासायला काही मार्ग नाही. ०.०८६ तुमच्याच चिठ्ठीवर उभा आहे. आणि दोन्ही काढून जो लहान तो लिहायचा, हे मात्र करू नका.

हेही ध्यानात ठेवा की ०.०८६ चा अर्थ ‘पाचट उपयोगी असण्याची शक्यता ९१ टक्के’ असा नाही. पाचटाने काडीचाही फरक पडला नसता तरी ३५ पैकी ३ चिठ्ठ्यांत एवढा फरक दिसलाच असता, इतकाच त्याचा अर्थ. आणि चाचणी ‘कोणत्याच वाफ्यात काहीच फरक पडला नाही’ या कडक म्हणण्याची आहे. पाचटाने सरासरी तीच ठेवून फक्त चढउतार वाढवला असेल, तरी टोकाच्या वाटणीमुळे कधी कधी पी-व्हॅल्यू लहान येऊ शकते. गट सारख्या संख्येचे ठेवले की हा त्रास बराच कमी होतो. आठव्या वाफ्याचं हेही एक कारण.

अहवालात मी असं लिहीन: ‘सात वाफ्यांपैकी तीन चिठ्ठीने आच्छादनासाठी निवडले. सरासरी उत्पादन आच्छादनात गुंठ्याला १६.७ किलो जास्त, एकरी हिशेबाने सुमारे ६६७ किलो ओली हळद. सर्व ३५ वाटण्या मांडून केलेली परम्युटेशन टेस्ट, दोन्ही बाजू, पी ३/३५ म्हणजे ०.०८६.’ खाली सातही वजनं जशीच्या तशी द्या. पाचट पसरण्याची मजुरी आणि एकरी साडेसहाशे किलो ओल्या हळदीचा भाव यांचा हिशेब तुम्हाला परवडणारा दिसत असेल, तर पुढच्या लागणीला दहा वाफे पाडा आणि पाच चिठ्ठ्या एकाच डब्यातून काढा. यंदाचे आकडे त्या यादीत मिसळू नका. हंगाम वेगळा, पाऊस वेगळा, त्या वाटण्या वेगळ्याच मांडाव्या लागतील.